फार स्वस्त म्हणजे किती?

२०२३ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. भाऊबीज होऊन चार दिवस झाले होते आणि मी काकूंकडे रिकामे डबे परत द्यायला गेले होते. काकू म्हणजे आमच्या दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या, मुलगा-सून-नातवंडांबरोबर. माझ्या नात्यातल्या नव्हेत. पण लंडनच्या पश्चिमेकडच्या आमच्या या गावात पंधरा वर्षं काढल्यावर नातं कुणाशी आहे आणि कुणाशी नाही, हे सांगणं अवघड होतं. त्या पायाला गरम पाण्याची पिशवी लावून सोफ्यावर बसल्या होत्या. नऊ दिवस उभ्या राहून त्यांनी तीस घरांचा फराळ केला होता.

डबा ठरलेला. भाजणीची चकली पाव किलो, पातळ पोह्यांचा चिवडा पाव किलो, शंकरपाळी पाव किलो, सहा बेसनाचे लाडू, सहा करंज्या. किंमत बारा पौंड. सगळं रीतसर होतं बरं का. इथे घरून खाण्याचे पदार्थ विकायचे तर सुरुवात करण्याच्या किमान २८ दिवस आधी काउन्सिलकडे नोंदणी करावी लागते, ती सुनेनं केली होती. गहू, दूध, तीळ, शेंगदाणे यांची नावं ठळक छापलेली चिठ्ठीही प्रत्येक डब्यावर होती. रीतसर नव्हता तो फक्त हिशेब.

"किती सुटले काकू?" मी सहज विचारलं.

"सुटायचंय काय? तीनशे साठ आले. सामानाला निम्मे गेले असतील."

मी मोबाईल काढला आणि सुनेनं जपून ठेवलेल्या पावत्या घेऊन बसले. बेसन, तूप, साखर, तेल, सुकं खोबरं, काजू, डबे, सगळं धरून एका डब्याला साडेसहा पौंड पडले होते. तीस डब्यांचे एकशे पंच्याण्णव. उरले एकशे पासष्ट. नऊ दिवस, रोज आठ तास धरले तर तासाला सव्वादोन पौंडांच्या आसपास. त्या वर्षी इथलं किमान वेतन तासाला १०.४२ पौंड होतं.

काकूंना त्याचं काहीच वाटलं नाही. "अगं, आपल्या माणसांकडून अन्नाचे पैसे घ्यायचे म्हणजे काय धंदा करायचा का?" पण मग थोड्या वेळानं, सून आत गेल्यावर, हळूच म्हणाल्या, "चिपळूणला बहीण आहे माझी. तीन वर्षं भेट नाही. मुलगा म्हणतो, आई, तिकीट मी काढतो. तो काढेल गं. मला माझ्या पैशानं जायचंय."

तिकीट साधारण सहाशेचं. सव्वादोनच्या दरानं त्या चिपळूणला पोचायला चार दिवाळ्या लागल्या असत्या.

आता माझी गंमत अशी, की मी गेली अठरा वर्षं एका बाजार-संशोधनाच्या कंपनीत किमती ठरवण्याचंच काम करते. शाम्पू, मोबाईलचे प्लॅन, मांजरांचं खाणं, कशाकशाला किती पैसे मोजायला लोक तयार असतात ते शोधून दिलं आहे. आणि माझ्याच शेजारी ही बाई बारा पौंड हा आकडा कुठून आणते, हे मी कधी विचारलं नव्हतं. विचारलं तेव्हा उत्तर आलं, "मागे कुणीतरी दहाला द्यायचं. मी दोन वाढवले."

आमच्या धंद्यात यासाठी एक जुनी, साधी पद्धत आहे. पीटर व्हान वेस्टेनडॉर्प नावाच्या डच अर्थतज्ज्ञानं ती १९७६ साली व्हेनिसच्या एसोमार परिषदेत मांडली. त्याचं म्हणणं असं, की "या वस्तूचे किती द्याल?" असं सरळ विचारलं तर माणूस खरं सांगत नाही, कारण त्या क्षणी तो गिऱ्हाईक होतो आणि घासाघीस सुरू करतो. शिवाय माणसाच्या मनात एकच किंमत नसते, एक पट्टा असतो. त्या पट्ट्याची दोन्ही टोकं विचारा. म्हणून चार प्रश्न. कोणत्या किमतीला ही वस्तू इतकी स्वस्त वाटेल की तिच्या दर्जाबद्दलच शंका येईल? कोणत्या किमतीला चांगला सौदा वाटेल? कोणत्या किमतीला महाग वाटू लागेल, पण तरी विचार कराल? आणि कोणत्या किमतीला इतकी महाग वाटेल की घेणारच नाही?

यातला पहिला प्रश्न हा त्या पद्धतीचा खरा प्राण आहे. महागाची हद्द सगळेच जाणतात. पण स्वस्तालाही हद्द असते आणि तिच्याखाली गेलं की गिऱ्हाईक वाढत नाही, उलट कमी होतं, हे विसरायला होतं.

पुढच्या उन्हाळ्यात मी हे काकूंसाठी करायचं ठरवलं. इंग्रजीतले प्रश्न रोजचे पाठ असलेले, ते मराठीत उतरवायला पाच मिनिटं लागली आणि तिथेच मी पहिली चूक केली. पहिला प्रश्न लिहिला: "किती किमतीला हा डबा तुम्हाला फार स्वस्त वाटेल?" आधी काकूंनाच कागद दिला. त्यांनी तीन आकडे लिहिले आणि पहिली जागा कोरी ठेवली.

"हे काय विचारलंयस? स्वस्त कधी फार असतं का? स्वस्त असलं तर बिघडलं कुठं?"

मग नवऱ्याला दिला. त्यानं लिहिलं, "फुकट." लेकीच्या मैत्रिणीच्या आईनं तिथे शून्य टाकलं. आपल्या भाषेत "फार स्वस्त" ही तक्रार नव्हेच, ती आनंदाची बातमी आहे! "फार स्वस्तात मिळालं गं" असं आपण फोनवर सांगतो. इंग्रजी प्रश्नातला अर्धा भाग, दर्जाची शंका, मी गाळला होता आणि त्याशिवाय प्रश्नाला काही अर्थच उरला नव्हता.

दुसऱ्यांदा लिहिताना मी काकूंच्या स्वयंपाकघरातूनच शब्द घेतले. "किती किंवा त्याहून कमी किंमत असेल तर तुमच्या मनात येईल, की यात तूप नसून डालडा असावा, किंवा तेल पुन्हा पुन्हा वापरलेलं असावं?" नवऱ्यानं आता क्षणभर विचार केला आणि लिहिलं, दहा. दुसऱ्या प्रश्नात "स्वस्त"ऐवजी "रास्त" घातलं: "किती किंमत असेल तर पैसे वसूल झाले, रास्त भाव आहे, असं वाटेल?" तिसऱ्यात "जरा महाग आहे, पण दिवाळी आहे, घेऊ या." चौथ्यात "नको, यापेक्षा घरीच करीन किंवा दुकानातलं आणीन." चारही प्रश्न आता प्रत्येकानं कधी ना कधी मनात म्हटलेली वाक्यं झाली. ऑफिसात आम्ही भाषांतर दुसऱ्याकडून उलट भाषांतर करून तपासतो. इथे कोरी राहिलेली एक जागा पुरली.

दुसरी गोष्ट होती कुणाला आणि कुठे विचारायचं ही. २०२४ च्या गणपतीत, आमच्या मंडळाच्या आरतीनंतर, हॉलच्या दारापाशी मी टेबल मांडलं. डबा उघडून ठेवला, प्रत्येक जिन्नसाचं वजन लिहून ठेवलं, एकेक चकली चाखायला दिली. ज्याची किंमत विचारायची ती वस्तू समोर नेमकी दिसली पाहिजे. नाहीतर एक जण अर्ध्या किलोचा विचार करतो आणि दुसरा दोन किलोचा. कागदावर नाव नाही, घडी करून पेटीत टाकायचा. आणि काकूंना मी त्या दिवशी हॉलच्या दुसऱ्या टोकाला, प्रसादाच्या रांगेत अडकवून ठेवलं. त्या समोर उभ्या असत्या तर कुणी पंचवीस लिहिलं असतं प्रेमानं, आणि ते प्रेम दिवाळीत पैसे देताना निम्म्यावर आलं असतं.

चव्वेचाळीस कागद आले. चारांवर उत्तरांचा क्रमच उलटा होता. एकानं "डालडा असावा" याला वीस आणि "जरा महाग" याला पंधरा लिहिलं होतं. असे कागद बाजूला काढायचे असतात. त्या माणसाचं चुकलं असं नाही, त्यानं प्रश्न वाचला नाही इतकंच. उरले चाळीस. ऑफिसात आम्ही तीनशेच्या आत उत्तरं असली तर तोंड उघडत नाही. पण तिथे देशभरच्या गिऱ्हाइकांचा अंदाज करायचा असतो. काकूंचा सगळा बाजार म्हणजे मंडळातली नव्वदेक घरं, त्यातली जवळजवळ निम्मी माझ्या पेटीत होती.

रात्री जेवणाच्या टेबलावर लेकीचा आलेखाचा कागद पसरला. मोजायची रीत सोपी आहे, पण एक मेख आहे. ज्यानं "दहाला शंका येईल" असं लिहिलं त्याला आठलाही येईलच. म्हणून पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं वरून खाली मोजत यायची: प्रत्येक किमतीला, ती किंवा तिच्याहून मोठा आकडा किती जणांनी लिहिला. आणि ज्याला वीस महाग वाटतात त्याला बावीसही महागच; म्हणून शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं खालून वर मोजायची. आमचे आकडे असे निघाले. पहिल्या रकान्यात पौंड, बाकीच्यांत चाळिसांपैकी माणसं.

| किंमत | फार स्वस्त, शंका येते | रास्त | महाग | फार महाग, नकोच |
|---|---|---|---|---|
| १२ | १२ | ३४ | २ | ० |
| १४ | ५ | २६ | ५ | ० |
| १६ | १ | १८ | १० | ३ |
| १८ | ० | ९ | १८ | ७ |
| २० | ० | ४ | २८ | १४ |

पहिली ओळ बघा. काकू ज्या भावानं विकत होत्या, त्या बारा पौंडांना चाळिसांतल्या बारा जणांना शंका येत होती. त्या मात्र साजूक तुपाखेरीज बेसन भाजत नव्हत्या आणि तेल एका दिवसापलीकडे वापरत नव्हत्या. ज्या घरांनी कधीच डबा घेतला नव्हता, ती घरं किंमत ऐकून घाबरली असतील असं आम्ही धरून चाललो होतो. काही घरं कदाचित उलट्याच कारणानं थांबली होती.

आता चार रकान्यांच्या चार रेघा काढायच्या. दोन वरून खाली उतरतात, दोन खालून वर चढतात, त्यामुळे त्या एकमेकींना छेदतात आणि ते छेद वाचायचे असतात. "फार स्वस्त" आणि "महाग" या रेघा जिथे मिळतात ती खालची हद्द: आमच्याकडे नेमकी चौदावर, दोन्हीकडे पाच-पाच माणसं. याच्या खाली गेलात तर शंका घेणारे वाढतात. "फार महाग" आणि "रास्त" जिथे मिळतात ती वरची हद्द: अठराच्या थोडी पुढे. याच्या वर गेलात तर सोडून जाणारे वाढतात. या दोहोंच्या मधला पट्टा, चौदा ते अठरा, हा लोकांनी मान्य केलेला भाव. बारा त्या पट्ट्याच्या बाहेर होते, आणि तेही स्वस्ताच्या बाजूनं.

आत आणखी दोन छेद असतात. "रास्त" आणि "महाग" यांच्या रेघा सतराच्या जरा अलीकडे मिळाल्या. तिथे जितक्यांना भाव रास्त वाटतो तितक्यांनाच महाग. म्हणजे लोकांच्या मनातली मधली, सवयीची किंमत. आणि "फार स्वस्त" व "फार महाग" यांच्या रेघा साडेपंधराच्या आसपास मिळाल्या. इथे दोन्ही टोकांनी नाही म्हणणारे सारखे आणि अगदी थोडे असतात. या शेवटच्या बिंदूला पुस्तकात "सर्वोत्तम किंमत" म्हणतात, आणि त्या नावानं फार लोक फसतात. तिथे सगळ्यात जास्त नफा होतो असं मुळीच नाही. या चार प्रश्नांना काकूंचं तूप केवढ्याला पडतं हे ठाऊकच नसतं. तो बिंदू एवढंच सांगतो, की इथे कमीत कमी लोक तोंड फिरवतील.

म्हणून पुढचा हिशेब हातानं करावा लागला. २०२४ मध्ये सामान वाढून डब्याला सात पौंड पडणार होते. सोळाला विकला तर नऊ सुटतात, अठराला अकरा. पण अठराला चाळिसांतले सात जण "नकोच" म्हणतात. सतराला दहा सुटतात आणि "नकोच" म्हणणारे तीनच राहतात, सोळाला होते तेवढेच. पट्ट्याच्या आत, मधल्या किमतीला लागून, आणि काकूंच्या कष्टाला थोडा तरी न्याय देणारा आकडा सतरा दिसत होता.

मी दुसऱ्या दिवशी कागद घेऊन गेले. काकूंनी रेघांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांची नजर त्या बारावर अडली होती.

"बारा जणांना वाटतं मी डालडा घालते?"

"नाही काकू. बारा जणांना वाटतं, की बारा पौंडांत साजूक तूप परवडणार नाही."

"मग खरंच आहे की ते. परवडत नव्हतंच."

मी इतकी वर्षं मोठमोठ्या कंपन्यांच्या बैठकांत हे आलेख दाखवले आहेत. इतक्या झटकन कुणाला उमगलेलं मी पाहिलं नव्हतं.

तरी त्या सतराला तयार होईनात. त्यांची हरकत आलेखावर नव्हती, ती तीन माणसांवर होती. "हे तीन कोण, ज्यांना सोळाच नको?" नावं नव्हती, पण कागदाच्या खाली मी एक खूण करायला सांगितली होती: विद्यार्थी, की कुटुंब, की एकटे नोकरीवाले. ते तिघंही विद्यार्थी होते. सप्टेंबरात आलेली ही मुलं अजून प्रत्येक पौंडाला शंभरानं गुणतात. त्यांच्या लेखी सतरा म्हणजे सतराशेच्या वरचा डबा. आणि नेमकी हीच मुलं दिवाळीत घरापासून पहिल्यांदा लांब असतात.

इथे ही पद्धत अपुरी पडते. ती सगळ्यांना एका रेघेत ओवते. दोन वेगळ्या खिशांची माणसं एकाच कागदावर मोजली की मधला आकडा निघतो आणि तो कधी कधी दोघांपैकी कुणाचाच नसतो. मोठ्या कामात आम्ही गट वेगळे करून रेघा वेगळ्या काढतो. इथे चाळिसांत विद्यार्थी नऊच होते, नवांची कसली रेघ काढणार? मग काकूंनीच तोडगा काढला: लहान डबा. थोडी चकली, थोडा चिवडा, दोन लाडू, दोन करंज्या, नऊ पौंड. तो नऊचा आकडा कुठल्याही आलेखातून आलेला नाही. "त्या मुलांकडून याच्यावर घ्यायला माझा हात धजणार नाही," म्हणाल्या.

एक गोष्ट मात्र मी त्यांना आधीच बजावून ठेवली होती. कागदावर "घेऊ या" लिहिणं आणि खरोखर पैसे काढणं यात अंतर असतं. या पद्धतीवरचा हा सगळ्यात मोठा आक्षेप आहे. म्हणूनच १९९३ मध्ये न्यूटन, मिलर आणि स्मिथ या संशोधकांनी तिला जोड दिली: रास्त किमतीला आणि महाग किमतीला तुम्ही खरोखर घ्याल याची शक्यता किती, हेही विचारायचं. मी तो प्रश्न टाळला होता, दोन आकडे आणखी विचारले असते तर आरतीनंतर भुकेली माणसं पळाली असती म्हणून. दुसरं असं, की आमच्या लोकांना जुने बारा ठाऊक होते. माहीत असलेली किंमत खुंट्यासारखी असते, उत्तरं तिच्याभोवती फिरतात. बारा कधी ऐकलेच नसते तर पट्टा थोडा वरही निघाला असता. आणि लोक ठोकळ आकडे लिहितात, दहा, वीस, पंचवीस. सतरा असं चाळिसांत एकानंही लिहिलं नव्हतं. म्हणजे सतरा हे उत्तर लोकांचं नव्हे, त्यांच्या उत्तरांमधून आम्ही काढलेलं. ते चुकू शकत होतं.

ऑक्टोबरात भाव जाहीर झाला आणि पहिल्याच दिवशी माझ्या एका जुन्या मैत्रिणीचा फोन आला. "गेल्या वर्षी बाराला होता ना गं? एकदम पाच वाढवले? काकूंना कुणी शिकवलं हे?" मी गप्प बसले. खरं सांगायचं तर मला तेव्हा धास्ती वाटली. शाम्पूचा भाव चुकला तर कंपनीचा एक तिमाही अहवाल बिघडतो. इथे एका बाईचं या गावातलं नाव पणाला लागलं होतं आणि पणाला मी लावलं होतं.

२०२४ च्या दिवाळीत मोठे डबे सव्वीस गेले, आदल्या वर्षीपेक्षा चार कमी. लहान डबे आठ गेले. मोठ्या डब्यांवर दहाप्रमाणे दोनशे साठ सुटले, लहानांवर पाचप्रमाणे चाळीस. एकूण तीनशे, आदल्या वर्षी होते एकशे पासष्ट. नऊ दिवसांच्या कष्टाला हे तासाला चार पौंडांच्या थोडे वर पडतात. किमान वेतन तोवर ११.४४ झालं होतं. तेव्हा काकू श्रीमंत झाल्या असं काही नाही. पण चिपळूणचं निम्मं तिकीट एका दिवाळीत निघालं. चार घरं का गेली ते मला सांगता येणार नाही. कागदांवर नावं नव्हती आणि ते बरंच झालं. पाच नवी घरं मात्र आली, म्हणजे जुनी नऊ गेली असली पाहिजेत. त्या पाचांतल्या एकीनं डबा घेताना काकूंना विचारलं, "साजूक तुपातले आहेत का हो?" काकू म्हणाल्या, "सतरात दुसरं कशातले असणार?"

माझ्या मैत्रिणीनं डबा घेतला, कुरकुरत. यंदा न कुरकुरता सांगून ठेवला आहे. आता तिच्या मनातला खुंटा सतराला ठोकला गेला आहे.

यंदा तूप पुन्हा महागलं. ऑगस्टमध्ये काकूंचाच फोन आला, "गणपतीत तुझे ते कागद वाटायचे ना?" मी म्हटलं, दर वर्षी विचारायची गरज नसते, पण सामानाचा भाव इतका वाढला असेल तर विचारलेलं बरं. त्या घरी आल्या, टेबलाशी बसल्या आणि म्हणाल्या, "आधी मी भरते. बघू तरी."

चष्मा लावून त्यांनी एकेक प्रश्न बोट ठेवून वाचला. शेवटून सुरुवात केली. चौथ्यात चोवीस. तिसऱ्यात वीस. दुसऱ्यात सतरा. मग पहिल्यावर आल्या, ज्या जागी गेल्या वर्षी काही लिहिलं नव्हतं. पेन थोडा वेळ तसाच धरून बसल्या. मी चहा ठेवायला उठले. परत आले तेव्हा कागद घडी घालून ठेवलेला होता.

तो मी बाकीच्यांत मिसळला नाही. त्यांचाच डबा, त्यांनीच भरलेला कागद, तो धरून चालत नाही. पण उघडून पाहिला. पहिल्या जागी लिहिलं होतं: १२.